नळीला टेकणारं लाकूड

व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी मरीन सैनिकांच्या हाती १९६६ साली एक नवी रायफल आली. तिचं नाव एम-४०. रेमिंग्टन कंपनीच्या ७०० या शिकारी रायफलीवरून ती बेतलेली होती. ७.६२ मिलिमीटरची जाड नळी, वर रेडफिल्डची दुर्बीण आणि खाली अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. लांबवर एकेक गोळी मोजून मारणाऱ्या नेमबाजांसाठी ती आणली होती आणि कारखान्यातून निघताना ती तशी मारही करत होती. पुढे ती महिनोन् महिने तिथल्या पावसात, दमट हवेत वावरली आणि तक्रारी सुरू झाल्या. दुर्बिणीला कुणी हात लावलेला नसे, काडतुसं तीच असत, तरी गोळी बसण्याची जागा सरकलेली असे. मग नेम पुन्हा जुळवायचा, आणि काही दिवसांनी तो पुन्हा सरकायचा.

दोष नळीत नव्हता आणि दुर्बिणीतही नव्हता. लाकडाने पाणी ओढून घेतलं होतं. फुगलेला, किंचित पिळवटलेला दस्ता नळीच्या कडेला कुठेतरी टेकू लागला होता.

पोलादाच्या एवढ्या जाड नळीला लाकडाच्या स्पर्शाने काय होणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ते समजण्यासाठी रायफलीचं अंग नीट पाहायला हवं. खांद्याला लागतो तो दस्ता. तोच पुढे नळीखालून जातो आणि डाव्या हाताचा तळवा त्याच्या या पुढच्या भागाखाली असतो. दस्त्यावर मधोमध पोलादाचं एक घर बसवलेलं असतं, त्याला रिसीव्हर म्हणतात. बोल्ट त्याच्यात मागेपुढे होतो आणि नळी त्याच्याच पुढच्या तोंडात आट्यांनी घट्ट फिरवलेली असते. हा रिसीव्हर दोन, क्वचित तीन स्क्रूंनी दस्त्याला आवळलेला असतो. म्हणजे नळीला खरा आधार एकाच टोकाला आहे. पुढची सगळी लांबी, साठ-पासष्ट सेंटिमीटर, हवेत असते. तिच्याखाली दस्ता असतो खरा, पण तो तिला धरत नाही. निदान धरू नये.

टेबलाच्या कडेवर पोलादी पट्टी अर्धी बाहेर ठेवून एका हाताने दाबून धरावी, तशी ही नळी असते. बाहेरच्या टोकाला बोटाने हलकं उचललं तरी पट्टी वाकते. नळीही वाकते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. किती वाकते याचा हिशेब अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवलेल्या सूत्राने मांडता येतो. सोयीसाठी नळी सगळीकडे सारख्या जाडीची धरू. हलक्या शिकारी रायफलीची नळी १६ मिलिमीटर व्यासाची आहे आणि रिसीव्हरपासून २५ सेंटिमीटरवर दस्त्याचं लाकूड तिला खालून दोन किलो वजनाएवढ्या जोराने रेटतं आहे. एवढ्याने नळीच्या तोंडाची दिशा जवळजवळ एक हजारांश रेडियनने वर जाते. कोन म्हणून हे काहीच नाही. पण शंभर मीटरवर त्याचे दहा सेंटिमीटर होतात. चांगल्या रायफलीच्या पाच गोळ्या तेवढ्या अंतरावर अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात बसाव्यात अशी अपेक्षा असते. त्या वर्तुळाच्या तिपटीहून अधिक अंतर नुसत्या लाकडाच्या रेट्याने खाल्लं.

नळी जाड केली तर हे पुष्कळ कमी होतं, कारण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. हाच हिशेब २२ मिलिमीटरच्या नळीला लावला तर दहा सेंटिमीटरचे पावणेतीन उरतात. एम-४० ची नळी जाड होती, तरीही तक्रारी आल्या, त्याचं कारण या उरलेल्या पावणेतीनमध्ये आहे. सातशे-आठशे मीटरवर तेवढा कोन माणसाच्या छातीएवढा होत नसला, तरी डोकं चुकवायला पुरेसा असतो.

पण इथे एक गोष्ट ठाम मांडायला हवी, कारण बंदुकांवर बोलणारी बरीच मंडळी ती गाळतात. लाकूड नळीला टेकणं हा स्वतःहून गुन्हा नाही. दोन किलोचा रेटा जर दर गोळीला, दर ऋतूत, अगदी तेवढाच राहणार असेल तर त्याने काही बिघडत नाही. दुर्बिणीचे किंवा माशीचे स्क्रू फिरवून नेम दहा सेंटिमीटर खाली आणला की झालं. बिघडतं ते रेटा बदलतो म्हणून. आज दोन किलो, पाऊस पडल्यावर तीन, उन्हात ठेवल्यावर अर्धा. मारणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कागदावर फक्त भोक दिसतं.

रेटा बदलायला कारणंही काही कमी नाहीत. पहिलं ओल. लाकूड आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. अक्रोडाच्या लाकडातली ओल सहा टक्क्यांनी वाढली तर चाळीस मिलिमीटर रुंदीला साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक भर पडते. हे फुगणं सगळीकडून सारखं झालं तर फार त्रास नसतो. ते सारखं होत नाही. दस्त्याच्या बाहेरच्या अंगाला तेल किंवा वॉर्निश असतं, आतल्या खाचेला बहुतेकदा नुसतं लाकूड. शिवाय रेषा तिरप्या गेलेल्या असतात. त्यामुळे एक बाजू जास्त फुगते आणि पुढचं लांबट टोक डावीकडे, उजवीकडे किंवा वर वळतं. सहा इंचांच्या तुकड्याला वाकायला जागा नसते, पण रिसीव्हरपासून फूटभर पुढे गेलेल्या टोकाला ती भरपूर असते.

दुसरं कारण माणूस. नेमबाज पट्टा दंडात अडकवून ताणतो, तो पट्टा दस्त्याच्या पुढच्या टोकाला जोडलेला असतो. किंवा रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवतो. किंवा पुढे दोन पायांचा टेकू लावून त्यावर अंगाचा भार टाकतो. प्रत्येक वेळी पुढचं टोक थोडं लवतं. लाकडी आणि त्याहूनही स्वस्त प्लॅस्टिकचे दस्ते यात बदनाम आहेत. हातात धरून पिळले तर पुढचा भाग नळीला टेकताना दिसतो. अमेरिकी एम-१६ रायफलीत तर पट्ट्याचा पुढचा कडा थेट नळीशी जोडलेला होता. स्पर्धेत पट्टा घट्ट ताणला की गोळ्या खाली सरकत. शेवटी स्पर्धेच्या रायफलींना पुढच्या भागात नळीला न शिवणारी धातूची वेगळी नळकांडी बसवून पट्टा तिला लावायची पद्धत आली.

तिसरं कारण उष्णता, आणि इथे एक गैरसमज आहे. गरम होऊन नळी जाड होते आणि लाकडात घट्ट बसते, असं सांगितलं जातं. साठ अंशांनी तापली तरी १६ मिलिमीटरच्या नळीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीच वाढते. लांबी मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढते. म्हणजे नळी पुढे सरकते आणि जिथे लाकडाला टेकलेली असते तिथे घासत, कधी अडकत, कधी सुटत सरकते. शिवाय नळी बनवताना पोलादात राहिलेला ताण तापल्यावर जागा होतो आणि ती केसभर वाकते. ती मोकळी असेल तर वाकून थांबते. टेकलेली असेल तर वाकताना लाकडाशी तिचा नवा हिशेब सुरू होतो.

एवढं झालं ते स्थिर वाकण्याचं. गोळी सुटते तेव्हा नळी स्थिरही नसते. काडतूस पेटल्यापासून ७.६२ ची गोळी तोंडातून बाहेर पडायला एका मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात नळी त्या पोलादी पट्टीसारखी थरथरायला लागलेली असते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला ती जाते. थरथर थांबवता येत नाही. ती दर वेळी तशीच व्हावी एवढंच मागता येतं. थरथरणाऱ्या पट्टीला मध्येच बोट लावलं की आवाज बदलतो. बोट दर वेळी वेगळ्या जोराने लागलं तर आवाज दर वेळी वेगळा. कागदावर याचा अर्थ एकच: गोळ्यांचा ग्रुप पसरतो. लाकडाचा रेटा हळूहळू बदलला तर सगळा ग्रुप सरकतो, आणि गोळीगणिक बदलला तर ग्रुप फुटतो. तक्रार यातली कोणती आहे हे पाहिल्याशिवाय दस्त्याला कानस लावू नये.

यावर उघड उपाय म्हणजे नळीखालची खाच मोठी करायची आणि रिसीव्हरच्या पुढे नळीला कुठेही काही लागू द्यायचं नाही. इंग्रजीतलाच ‘फ्री फ्लोट’ हा शब्द आपल्या रेंजवरही चालतो. तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची, मग नळी आणि दस्ता यांच्यामध्ये नोट घालून ती तोंडाकडून रिसीव्हरपर्यंत ओढत न्यायची. जिथे अडेल तिथे स्पर्श. पण ही तपासणी पास झाली म्हणजे काम संपलं असं नाही. नोटेची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असते, आणि टेकूवर भार टाकल्यावर दस्ता त्याहून जास्त लवतो. तीच तपासणी रायफल टेकूवर ठेवून, दस्त्यावर हात दाबून करावी. लाकडी दस्त्याला दीड मिलिमीटर मोकळीक ठेवली की ओल आणि भार दोन्ही पचतात. मोकळीक मात्र दोन्ही बाजूंनी सारखी हवी. एका बाजूला कागद जाईना आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिल जाते असं दिसलं तर दस्ता वळलेला आहे किंवा रिसीव्हर तिरका बसला आहे, आणि नुसतं खरवडून तो दोष जाणार नाही.

याही उपायाला नावं ठेवली गेली आहेत. विंचेस्टर कंपनीने १९६४ मध्ये आपली गाजलेली मॉडेल ७० रायफल स्वस्तात बनवायला घेतली तेव्हा नळी मोकळी ठेवली, पण फट इतकी ढोबळ की दुकानात हातात घेणाऱ्याला ती दात पडल्यासारखी दिसे. जुन्या मॉडेलचे चाहते त्या फटीचा राग आजही काढतात. तांत्रिकदृष्ट्या कंपनी चुकली नव्हती, असं माझं मत आहे. दिसण्याचा प्रश्न वेगळा.

नळी मोकळी केली की दस्त्याशी असलेलं सगळं नातं एका ठिकाणी येऊन ठेपतं: रिसीव्हर लाकडावर कसा बसला आहे. याला बेडिंग म्हणतात, आणि निम्मी कामं इथेच फसतात. लोक नळीखालचं लाकूड उत्साहाने खरवडतात आणि रिसीव्हरकडे बघतही नाहीत. मग ग्रुप सुधारण्याऐवजी बिघडतो, कारण आधी पुढच्या लाकडाचा थोडा आधार होता, आता सगळा भार एका वाईट बैठकीवर आला.

बैठक वाईट कशी असते ते पाहा. रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर गोल नळकांड्यासारखा आहे. त्याच्याखाली लाकडात अर्धगोल खाच असते. खाचेत मध्ये कुठे उंचवटा राहिला असेल तर पुढचा आणि मागचा स्क्रू आवळताना रिसीव्हर त्या उंचवट्यावर धनुष्यासारखा वाकतो. आवळण्यात जरा फरक पडला की वाक बदलतो, आणि दुर्बीण याच रिसीव्हरवर बसवलेली असल्याने तीही त्याच्याबरोबर हलते. दुसरी जागा म्हणजे रिकॉइल लग. रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला खाली लोंबणारा हा पोलादी दात दस्त्यातल्या खोबणीत बसतो. गोळी सुटताना रायफल मागे येते तो सगळा धक्का या दाताच्या मागच्या पृष्ठावरून लाकडात जातो. तो पृष्ठभाग लाकडाला डावीकडे टेकला आणि उजवीकडे फट राहिली, तर दर धक्क्याला रिसीव्हर किंचित फिरतो आणि परत नेमका तिथेच येईल याची हमी नसते. शेकडो गोळ्यांनंतर त्या जागी लाकूड चेपतं आणि प्रकरण आणखी सैल होतं.

कागदावर याची एक ओळखता येणारी खूण असते. पाच गोळ्यांपैकी तीन एकत्र, दोन दुसरीकडे एकत्र, आणि मध्ये रिकामी जागा. रिसीव्हर दोन बैठकींमध्ये आलटूनपालटून बसतो आहे अशी शंका त्यावरून घ्यावी. दुर्बिणीचा सैल कडा आणि खराब झालेली दुर्बीणही असंच चित्र काढतात, म्हणून आधी त्यांचे स्क्रू तपासून, शक्य झालं तर दुसरी दुर्बीण लावून पाहावं. गोळ्या क्रमाने एकाच दिशेला चढत गेल्या, पहिली खाली, पाचवी वर, तर संशय नळीच्या स्पर्शावर. नळी थंड झाल्यावर पहिली गोळी परत जुन्या जागी आली तर तो संशय बळावतो. पण नळी पूर्ण मोकळी असूनही तेच घडत असेल तर दोष नळीच्या पोलादातल्या ताणाचा आहे आणि दस्त्यावर केलेला खर्च वाया जाईल.

बैठकीची चाचणी गोळी न झाडताही होते. वर्कशॉपमध्ये लेथजवळ असणारं डायल गेज घ्यायचं. त्याचा चुंबकी पाया नळीवर लावायचा आणि सुई दस्त्याच्या पुढच्या टोकावर टेकवायची. मग रिसीव्हरचा पुढचा स्क्रू सैल करायचा, परत आवळायचा आणि काटा पाहायचा. बैठक चांगली असेल तर काटा मिलिमीटरच्या पाच शतांशांच्या आत राहतो. तो दहा-वीस शतांश पळाला तर याचा अर्थ स्क्रू रिसीव्हरला दस्त्यावर बसवत नाही, वाकवतो आहे. ही चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात मारणाऱ्याचा श्वास, वारा आणि काडतुसं यांना कुठेच जागा नाही.

आता दुरुस्ती. एक रायफल कल्पनेने हातात घेऊ: लाकडी दस्ता, १६ मिलिमीटरची नळी, शंभर मीटरवर पहिल्या तीन गोळ्या ठीक आणि पुढच्या दोन आठ सेंटिमीटर वर. नोट अर्ध्यावर अडते, काटा पंधरा शतांश पळतो. म्हणजे दोन्ही आजार आहेत. क्रम असा असतो की आधी बैठक करायची आणि नळी नंतर मोकळी करायची, कारण बैठक बदलली की नळीची खाचेतली जागाही बदलते.

कारागीर रिसीव्हर काढून खाचेतलं लाकूड दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढतो, रिकॉइल लगच्या खोबणीतलंही. स्क्रूंच्या दोन भोकांत ॲल्युमिनियमच्या जाड नळकांड्या बसवतो. त्यांना पिलर म्हणतात. आता स्क्रू आवळला की धातू धातूवर टेकेल, मधलं लाकूड चेपणार नाही. मग पोलादाची भुकटी मिसळलेलं दोन भागांचं इपॉक्सी कालवून खाचेत भरतो आणि त्यावर रिसीव्हर ठेवतो. इपॉक्सी ओलं असताना रिसीव्हरचा आकार त्यात उमटतो आणि एका दिवसात दगडासारखा कडक होतो. शतांश मिलिमीटरपर्यंत जुळणारी बैठक लाकूड खरवडून साधायला जन्म जातो, ती इथे ओतून मिळते.

सगळी कला ते ओतण्यापूर्वीच्या तयारीत आहे. रिसीव्हरला चिकटूविरोधी लेप लागला नाही तर तो दस्त्यात कायमचा गाडला जातो. अमेरिकेतले जुने कारागीर यासाठी मेणाचं बूट पॉलिश वापरत आले आहेत आणि ते उत्तम चालतं. रिसीव्हरची सगळी भोकं आणि खाचा मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवाव्या लागतात, नाहीतर इपॉक्सी आत शिरून कुलूप होतं. रिकॉइल लगच्या पुढच्या अंगाला, दोन्ही बाजूंना आणि तळाला टेप लावतात, मागचा पृष्ठभाग मात्र उघडा ठेवतात. टेप काढल्यावर तिथे फट राहते आणि दात फक्त मागच्या पृष्ठावर, पूर्ण रुंदीने टेकतो. आणि सगळ्यांत मोठी चूक होते ती शेवटी. उत्साहाच्या भरात स्क्रू करकचून आवळले जातात, रिसीव्हर वाकलेल्या अवस्थेत इपॉक्सी कडक होतं आणि तो वाक कायमचा साच्यात उतरतो. म्हणून या वेळी डोकं नसलेल्या सळया फक्त दिशा दाखवायला घालतात, नळीला पुढच्या बाजूला टेपचे वेढे देऊन ती खाचेच्या मधोमध ठेवतात आणि रिसीव्हर स्वतःच्या वजनाने बसू देतात.

दुसऱ्या दिवशी रिसीव्हर काढून, कडा साफ करून, नळीखालची खाच दीड मिलिमीटर मोकळी होईपर्यंत घासायची आणि उघड्या लाकडाला आतूनही वॉर्निश द्यायचं. ही शेवटची पायरी खूप जण विसरतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची आठवण येते. स्क्रू टॉर्क पान्याने आवळायचे. पिलर असतील तर साधारण सात न्यूटन-मीटर, नुसतं लाकूड असेल तर चार-पाचच्या वर नको. काटा आता पाच शतांशांच्या आत आला असेल तर काम जमलं. ग्रुपवरचा निकाल मात्र एका कागदावर लावू नये. पाच गोळ्यांचे निदान तीन-चार ग्रुप थंड नळीने, वेगवेगळ्या दिवशी मारून पाहावेत. एखादा छान ग्रुप नशिबानेही येतो.

मरीन कोअरने याच रस्त्याने जाऊन आपला प्रश्न सोडवला. १९७० च्या दशकात व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावरच्या त्यांच्या शस्त्र-कारागिरांनी एम-४० पुन्हा बांधली. लाकूड गेलं, मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता आला. रिसीव्हर इपॉक्सीत बसवला, नळी मोकळी ठेवली. या एम-४०ए१ ला पावसाचं पाणी ओढून घेणारं काही उरलंच नव्हतं. फायबरग्लास हातात घ्यायला सुंदर नसतो, पण तो फुगत नाही.

असं असलं तरी लाकूड मुद्दाम टेकवूनही चांगला मार साधणारी एक मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे. पोलिसांच्या खांद्यावर अनेक पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती लाखोंनी बनली. तिची नळी तोंडापर्यंत लाकडात गुंडाळलेली होती, कारण सैनिकाला तापलेल्या नळीवर हात ठेवून संगीन चालवायची होती. लाकडाचा स्पर्श टाळता येणारच नव्हता, म्हणून तो मोजून द्यायचं ठरवलं गेलं. इशापूरच्या नमुन्यात तोंडाजवळ स्प्रिंगवरची एक छोटी खुंटी नळीला खालून वर रेटते. नंतरच्या ब्रिटिश चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात लाकडाचं टोकच दोन-तीन किलोच्या जोराने नळीला उचलून धरतं, आणि शस्त्र-कारागीर तो जोर काट्याने मोजत असे. स्प्रिंगची हुशारी लक्षात घेण्यासारखी आहे: लाकूड थोडं सरकलं तरी स्प्रिंगचा रेटा फारसा बदलत नाही. मागे म्हटलं ते हेच, स्पर्श चालतो, बदलणारा स्पर्श चालत नाही.

ली-एनफिल्डच्या थरथरीने तर एक वेगळीच गंमत केली. तिच्या बोल्टची कुलपं मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे गोळी सुटताना तिचा रिसीव्हर जास्त ताणला जातो आणि तोंड उभ्या रेषेत हलतं. जी गोळी थोडी मंद, ती नळीत थोडी जास्त वेळ राहते आणि तोंड जरा वर गेलेलं असताना बाहेर पडते. मंद गोळी लांबवर जास्त खाली पडते, पण ती निघालीच वरच्या दिशेने. त्यामुळे आठशे-हजार यार्डांवर वेगवान आणि मंद गोळ्या जवळजवळ एकाच उंचीवर पोचत. जवळच्या अंतरावर साधारण ग्रुप देणारी ही रायफल लांबवर अपेक्षेपेक्षा चांगली मारत असे, आणि इंग्लंडमधल्या बिझलीच्या मैदानावरचे नेमबाज हे ओळखून होते. पुढे ब्रिटिश लष्कराने तिच्यापासून ७.६२ ची एल-४२ ही नेमबाजी रायफल १९७० मध्ये बनवली तेव्हा मात्र पुढचं लाकूड अर्ध्यावर कापलं आणि जाड नळी मोकळी सोडली.

आजच्या स्पर्धेत हा वाद संपल्यात जमा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक घेतलं, त्या पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. हजारांश रेडियनच्या दहाव्या भागाची चूक तिथे पाच मिलिमीटर होते, म्हणजे वर्तुळाच्या मध्यापासून थेट कडेला. आणि पॉइंट टू-टूची गोळी मंद असल्याने नळीत ७.६२ च्या दुपटीहून जास्त वेळ घालवते, म्हणजे थरथरीला तेवढा अधिक अवसर. शिवाय तोच नेमबाज गुडघ्यावर, झोपून आणि उभा अशा तीन तऱ्हांनी मारतो. दोन तऱ्हांत पट्टा ताणलेला, तिसऱ्यात पट्टाच नाही. नळी दस्त्याला कुठे टेकली असती तर प्रत्येक तऱ्हेचा नेम वेगळा निघाला असता. म्हणून या रायफलींचे दस्ते आता बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात आणि नळी रिसीव्हरच्या पुढे एकटी उभी असते.

साध्या रायफलवाल्याला मात्र अजून एक शक्यता मोजावी लागते. काही पातळ नळ्या मोकळ्या केल्यावर वाईट मारतात. रेमिंग्टनच्या शिकारी दस्त्यात पुढच्या टोकाला नळीखाली एक उंचवटा कारखान्यातच ठेवलेला असे, तो पातळ नळीची थरथर आवरण्यासाठी. उत्साहाने तो छाटून टाकला आणि ग्रुप फुटला अशी उदाहरणं कमी नाहीत. सुदैवाने हे उलटं करून बघायला खर्च नाही. दस्त्याच्या पुढच्या टोकाशी, नळीखाली, व्हिजिटिंग कार्डाचे दोन-तीन तुकडे सरकवायचे, स्क्रू त्याच टॉर्कने आवळायचे आणि पुन्हा तीन ग्रुप मारायचे. एक तुकडा वाढवून परत मारायचे. ग्रुप स्पष्टपणे आवळला तर तेवढ्याच जाडीचा इपॉक्सीचा छोटा ठिपका तिथे कायमचा करून घ्यायचा. पुठ्ठा मात्र तसाच ठेवू नये. पुठ्ठाही ओल धरतो.